गच्चीवरचे आठ दिवस आणि किलोभर आवळकाठी

प्रश्न : गेल्या डिसेंबरात नातीच्या हट्टाने आम्ही गच्चीवर आवळे वाळवले. कच्चे आवळे विळीवर चिरले, पत्र्यावर कापड घालून पसरले आणि मीठ भुरभुरले. काही फोडी पहिल्याच दिवशी काळ्यानिळ्या पडल्या. उरलेल्या पाचव्या दिवशी कडक लागल्या म्हणून दुपारीच बरणीत भरल्या, तर संक्रांतीपर्यंत बरणीत बुरशी. आमच्या चोपड्याकडे थंडी कोरडी असते, ऊनही लख्ख असते. मग चुकले कोठे? नात या नाताळच्या सुट्टीत पुन्हा येणार आहे, तेव्हा दिवस कसे आखावेत?

उत्तर :

आपण लिहिलेल्या चार ओळींत दोन वेगवेगळे दोष आहेत. काळेपणाचा दोष विळीचा आणि पत्र्याचा आहे, उन्हाचा नव्हे. बुरशीचा दोष मात्र घाईचा आहे. मी बरीच वर्षे यावल तालुक्यात बचत गटांतील महिलांना फळे वाळवण्याचे काम शिकवले आणि आता घरच्या गच्चीवर तेच हौसेने करतो. गेल्या नाताळात माझी नऊ वर्षांची नात नाशिकहून आली होती. आम्ही दोघांनी मिळून ५ किलो आवळ्यांची आवळकाठी केली आणि तिने प्रत्येक संध्याकाळचे वजन वहीत लिहून ठेवले. ती वही समोर घेऊनच हे उत्तर लिहितो आहे, कारण आपल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्या आठ दिवसांत आली आहेत.

ती २४ डिसेंबरला दुपारी पोहोचली. आवळे मी सकाळीच बाजारातून आणून ठेवले होते. सातपुड्यातून येणारा रानआवळा चवीला तेज असतो, परंतु तो लहान असून त्यात बी फार आणि दोरेही फार असतात. वाळवणासाठी मी कलमी, मोठ्या फळाचा, पिवळसर झाक आलेला आवळा घेतो. गर्द हिरवे फळ कोवळे असते आणि वाळल्यावर सुरकुतून कातड्यासारखे होते. नातीला कामाला लावायचे म्हणून मी तिच्या हातात चाकू दिला नाही, मोदकपात्र दिले. आपल्या कृतीतील पहिला बदल येथेच करावा : आवळे कच्चे चिरू नयेत, वाफवावेत. पाण्याला आधण आल्यावर अख्खे आवळे चाळणीत ठेवून झाकण घातले की फळाच्या आकाराप्रमाणे १० ते १२ मिनिटांत त्याच्या अंगावरील सहा फिकट रेघा उकलू लागतात. एक आवळा काढून अंगठ्याने दाबला असता फोडी आपोआप बीपासून सुटल्या, तर वाफ पुरी झाली. लोखंडाचे पाते मुळातच लागत नाही, हा वाफवण्याचा एक फायदा. दुसरा अधिक महत्त्वाचा : उष्णतेने फळातील ती द्रव्ये निकामी होतात, ज्यांच्यामुळे चिरलेला आवळा हवेत तपकिरी पडतो. पाण्यात उकळण्यापेक्षा वाफ बरी, कारण उकळताना आंबटपणा आणि जीवनसत्त्व क पाण्यात उतरते आणि ते पाणी बहुधा मोरीत जाते. वाफ अधिक झाली, तर मात्र फोडी लगदा होऊन कापडाला चिकटतात. आमच्या दुसऱ्या घाण्यात एक-दोन फळांचे तसे झाले, कारण नात आणि मी रेघा उकलण्याची वाट पाहता पाहता गप्पांत रमलो. त्या फळांची आजीने चटणी केली.

बिया काढून फोडींचे वजन ४.५ किलो भरले. त्यांवर किलोला २० ग्रॅम, म्हणजे एकूण ९० ग्रॅम साधे मीठ चोळून स्टीलच्या पातेल्यात झाकून रात्रभर ठेवले. मीठ नुसते वरून भुरभुरले, तर एखाद्या फोडीवर खडा बसतो आणि शेजारची कोरडी राहते. हाताने चोळून ठेवले की ते आत मुरते आणि आतील पाणी बाहेर येते. सकाळी पातेल्याच्या तळाशी दोन पेले खारट-आंबट पाणी जमले होते. ते फेकू नये, कढीत किंवा डाळीत घालावे. निथळलेल्या फोडी ४.१ किलो उरल्या.

आता काळेपणाविषयी. आवळ्यात तुरट द्रव्ये भरपूर असतात आणि लोखंडाला लागताच त्यांची निळसर काळी शाई होते. ही उपमा नव्हे. पूर्वी हिरडा-आवळ्याच्या काढ्यात लोखंड टाकून लिहिण्याची काळी शाई करीत असत. नातीला हे पटेना. 'आबा, खिळा तर पांढरा आहे, मग काळे कोठून येईल?' असा तिचा प्रश्न होता. म्हणून आम्ही दोन ओल्या फोडी वेगळ्या काढल्या, एकीवर लोखंडी खिळा ठेवला, दुसरीवर स्टीलचा चमचा ठेवला आणि ताटली झाकून ठेवली. सकाळी खिळ्याखालच्या फोडीवर खिळ्याच्या आकाराची निळीकाळी रेघ होती आणि चमच्याखालची फोड जशीच्या तशी होती. तिने त्या काळ्या पाण्यात काडी बुडवून वहीच्या पहिल्या पानावर स्वतःचे नाव लिहिले. आपली विळी, गंज धरलेला पत्रा आणि ओले कापड या तिघांनी मिळून हेच केले. कापड मध्ये होते हे खरे, परंतु मिठाच्या पाण्याने भिजलेले कापड गंज वर ओढून घेते. अशा काळ्या फोडी विषारी नसतात, पण जिभेला लोखंडाची चव लागते आणि त्या पुन्हा उजळत नाहीत. पातेले, चाळणी, सुरी सर्व स्टीलचे असावे. ॲल्युमिनियमचे भांडेही टाळावे, कारण आंबट-खारट पाण्याने ते चरते.

पत्रा नको, तर पसरावे कशावर? आमच्या लहानपणी घरे धाब्याची होती आणि वाळवण मातीच्या धाब्यावर गोधडी-धोतर टाकून होत असे. आता सिमेंटची गच्ची आहे, तिच्यावर थेट पसरले तर खालून हवा मिळत नाही. मी सुंभाची बाज वर नेतो, तिच्यावर जुने सुती लुगडे ताणून बांधतो आणि वरून मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा टाकतो. बाजेचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की मुंग्या चढत नाहीत; खारी आणि माकडे यांच्यावर मात्र नातीसारखा राखणदारच लागतो. फोडी एकावर एक येणार नाहीत अशा, साल खाली आणि गर वर करून मांडायच्या. हा नियम किरकोळ वाटतो, परंतु अर्धे वाळवण त्यावर ठरते. आवळ्याच्या सालीवर मेणासारखा थर असतो आणि त्यातून पाणी सहज बाहेर पडत नाही. ते गराच्या उघड्या बाजूने जाते. पहिल्या दिवशी गर खाली राहिला, तर पाणी कापडात जाते, कापड ओले राहते आणि आंबूस वास धरतो. दुसऱ्या दिवसापासून दुपारी एकदा फोडी उलटायच्या. शेजारच्या गच्चीवरून एक काकू रोज विचारत, 'काय करी राहयनात आबा?' आणि नात रोज त्यांना एकेक फोड उलटून दाखवत असे.

२५ तारखेच्या सकाळी बाज कोठे ठेवायची यावरून आमचा पहिला वाद झाला. तिला बाज दक्षिणेच्या कठड्याला टेकवायची होती, कारण तेथे पाठ टेकून बसता येत होते. आपण उन्हाळ्यात बिबडे-पापड गच्चीत कोठेही टाकतो आणि ते एका-दोन दिवसांत कडकडीत होतात, त्यामुळे हिवाळ्यातील उन्हाचा हिशेब करण्याची सवय आपल्याला नाही. डिसेंबरच्या अखेरीस आपल्या खान्देशात सूर्य भर मध्यान्हीही साधारण ४५ अंशांवरच असतो; म्हणजे ३ फूट उंच कठड्याची सावली ऐन दुपारीही उत्तरेकडे जवळजवळ ३ फूट पडते आणि सकाळी साडेनऊच्या सुमारास ती वायव्येकडे तिरकी, कठड्याच्या उंचीच्या जवळजवळ दुप्पट लांब असते. शिवाय आपली मध्यान्ह घड्याळाच्या बाराला नसते, साडेबाराच्या जवळपास असते. नातीने कठड्याजवळ खडूने सावलीची रेघ ओढली, दर तासाला नवी ओढली आणि दुपारपर्यंत तिला दिसले की कठड्याजवळची जागा दिवसभर सावलीतच राहिली आहे. बाज गच्चीच्या उत्तरेकडील भागात गेली आणि तिच्या उत्तरेकडच्या दोन पायांखाली आम्ही एकेक वीट दिली, त्यामुळे ती किंचित दक्षिणेकडे कलली व ऊन अधिक सरळ पडू लागले. साडेआठ-नऊला पसरायचे आणि पाचच्या आत उचलायचे असा वेळ ठरला. दिवस जेमतेम पावणेअकरा तासांचा असतो आणि त्यात कामाचे ऊन सात-आठ तासच मिळते.

उचलायचे म्हणजे घरातच न्यायचे. हे मला ठाऊक असूनही पहिल्या रात्री मी आळस केला. वरच्या पडवीला छत आहे, तेथेच बाज सरकवून वरून दुहेरी कापड टाकले. आम्ही सर्व फोडींतून ५०० ग्रॅम फोडी वेगळ्या काढून एका स्टीलच्या चाळणीत ठेवल्या होत्या आणि ती चाळणी रोज बाजेवरच, फोडींच्या मधोमध, उन्हात ठेवत होतो. तिचे वजन घेतले की सगळ्याचा अंदाज येतो. पहिल्या संध्याकाळी ते ३७२ ग्रॅम होते. दुसऱ्या सकाळी नातीने, कोणी न सांगता, पुन्हा वजन केले आणि ओरडली, 'आबा, रात्री आवळ्यांनी पाणी प्यायले!' वजन ३७९ झाले होते. छत होते, तरी दव पडण्याइतकी थंड आणि दमट हवा पडवीत शिरली होती. दिवसभर कोरडी असणारी आपली थंडी पहाटे तशी नसते. निरभ्र रात्री गच्ची झपाट्याने गार होते आणि हवेतील ओल तिच्यावर उतरते. त्या रात्रीनंतर फोडी झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घरातच झोपल्या. बंद डब्यात रात्रभर राहिल्याने आणखी एक काम होते : फोडीच्या मध्यातील ओल कडेकडे सरकते आणि सकाळी ऊन लागताच ती बाहेर पडायला तयार असते. सकाळी फोडी आदल्या संध्याकाळपेक्षा मऊ लागल्या, तर घाबरू नये. तेच हवे असते.

आपल्या बुरशीचे मूळ या मऊपणातच आहे. फोडीचा बाहेरचा थर लवकर सुकून कडक होतो आणि आतील पाणी त्याच्या मागे अडकते. बोटाला फोड कडक लागते, म्हणून आपण ती वाळली असे समजतो. त्यात आपण ती दुपारी, उन्हात तापलेली असताना बरणीत भरली. गरम फोडींतून वाफ निघत राहिली, रात्री काच गार झाली, वाफेचे थेंब झाले आणि ते थेंब पुन्हा फोडींवर पडले. एवढी ओल बुरशीला पुरते. पाच दिवस हा आकडा चुकीचा आहे असे नाही, एप्रिलमध्ये तो पुरला असता. परंतु दिवस मोजून वाळवण उतरवण्याची पद्धतच सोडून द्यावी आणि वजन मोजावे.

नातीच्या वहीतील ओळी अशा आहेत. पहिल्या संध्याकाळी ३७२, दुसऱ्या संध्याकाळी २८३, तिसऱ्या संध्याकाळी २२२. पहिल्या दिवशी सव्वाशे ग्रॅमहून अधिक उतरले, तिसऱ्या दिवशी साठच ग्रॅम, आणि ती हिरमुसली. तिला वाटले की आम्ही काही चुकलो. मी तिला ओला टॉवेल पिळून दाखवला. पहिल्या पिळ्यात पाण्याची धार निघते, मग थेंब, आणि शेवटी टॉवेल ओला असूनही काहीच निघत नाही. फोडीच्या वरचे पाणी ऊन सहज नेते, मधले पाणी मात्र स्वतः चालत पृष्ठभागापर्यंत यावे लागते आणि त्या चालण्याला वेळ लागतो. तेथे ऊन वाढवून उपयोग नसतो, उलट वरचा थर आणखी आवळतो.

चौथ्या दिवशी, २८ तारखेला, सकाळपासून ढग आले. सातपुड्याची रेघ आमच्या गच्चीवरून रोज स्पष्ट दिसते, ती त्या दिवशी दिसलीच नाही. अशा वेळी आशेने फोडी बाहेर ठेवू नयेत. आम्ही बाज दिवाणखान्यात आणली, खिडक्या लावल्या आणि छताचा पंखा दिवसभर चालवला. थंडीत पंखा लावल्याबद्दल घरातील इतर मंडळींनी काय म्हटले ते येथे लिहीत नाही. संध्याकाळी वजन २०५ भरले. म्हणजे १७ ग्रॅमच उतरले, पण वाढले नाही, हे पुष्कळ झाले. हाच ढगाळ दिवस पहिला किंवा दुसरा असता, तर पंख्यावर भिस्त ठेवणे धोक्याचे ठरले असते, कारण तेव्हा फोडी फार ओल्या असतात. अशा वेळी त्या झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवाव्यात आणि ऊन पडल्यावर पुन्हा सुरू करावे. दोन दिवसांपर्यंत हे चालते. ढग तीन-चार दिवस टिकण्याची लक्षणे असतील, तर वाळवणाचा नाद सोडून त्या फोडींचे लोणचे घालावे. ओल्या फोडींचा हट्ट धरून मी एका वर्षी ८ किलो आवळा उकिरड्यावर टाकला आहे.

पाचव्या दिवशी ऊन परतले आणि वजन १७० झाले. सहाव्या दिवशी १४६. त्याच दुपारी नात फोडी उलटता उलटता थांबली. काही फोडींच्या कडांवर पांढरे दिसत होते. आदल्या दिवशीच मी तिला बुरशीविषयी सांगितले होते, त्यामुळे ती जवळजवळ रडकुंडीला आली. आपणही या टप्प्यावर फसाल, म्हणून नीट सांगतो. मीठ लावलेल्या फोडीतून पाणी बाहेर पडताना मीठ सोबत पृष्ठभागावर येते, पाणी उडून जाते आणि मीठ तेथेच राहते. बुरशीही पांढरीच सुरू होते. दोन्हींतील भेद ओळखायला आम्ही भिंग घेतले आणि एकेक थेंब पाणी घेतले. मीठ भिंगातून कणाकणाचे, चमकणारे दिसते आणि पाण्याचा थेंब पडताच विरघळून नाहीसे होते. बुरशी कापसाच्या तंतूंसारखी दिसते, पाण्याने चपटी होते पण विरघळत नाही आणि तिला ओल्या पोत्यासारखा वास असतो. आमचे पांढरे थेंबागणिक विरघळले. चाखून पाहण्याचा मोह होतो, नातीलाही झाला. परंतु ती बुरशी असण्याची शंका जरी असेल, तरी जीभ लावू नये. आणि बुरशी खरोखर आढळली, तर ती पुसून किंवा फोडी पुन्हा उन्हात घालून भागत नाही. दिसते तो तिचा केवळ वरचा भाग असतो आणि तिने सोडलेली विषद्रव्ये उन्हाने जात नाहीत. त्या बाजूच्या सगळ्या फोडी टाकाव्यात. बरणीत आढळली तर सबंध बरणी टाकावी. गेल्या वर्षी आपण त्यातील चांगल्या दिसणाऱ्या फोडी निवडून ठेवल्या असतील, तर त्याही ठेवू नयेत.

सातव्या संध्याकाळी, ३१ तारखेला, वजन १३१ होते. सहाव्या आणि सातव्या दिवसांत १५ ग्रॅमचा फरक होता, म्हणून फोडी अद्याप तयार नव्हत्या. माझा नियम असा आहे की सुरुवातीच्या ५०० ग्रॅमचे चौथाईच्या आसपास, म्हणजे सव्वाशे ग्रॅम व्हावेत आणि लागोपाठच्या दोन संध्याकाळच्या वजनांत ५ ग्रॅमहून अधिक फरक पडू नये. दोन्ही अटी पुऱ्या व्हायला हव्यात, कारण फळाप्रमाणे सुरुवातीचे पाणी थोडे कमीजास्त असते. वजनकाटा नसेल, तर एक जाड फोड घरात अर्धा तास गार होऊ द्यावी, कारण तापलेली फोड नेहमीच मऊ लागते आणि आपल्याला फसवते. मग ती मधोमध मोडून पाहावी. मोडताना ती लवून मग तुटावी, मधला भाग कडेच्याच रंगाचा दिसावा आणि कागदावर दाबली असता डाग पडू नये. मध्यभागी काचेसारखी ओलसर, गडद रेघ दिसली, तर बाहेरून ती कितीही कडक असली तरी ऊन बाकी आहे.

नातीची गाडी १ जानेवारीच्या सकाळी होती. निघण्यापूर्वी तिने फोडी पसरल्या, चाळणी मधोमध ठेवली आणि मला बजावले की संध्याकाळचे वजन फोनवर सांगायचे. ते १२६ भरले. ५ ग्रॅमचा फरक. दोन्ही अटी पुऱ्या. तरीही आवळकाठी तयार झाली असे मी तिला सांगितले नाही, कारण यापुढचा भाग आपल्याकडे बहुतेक लोक करीतच नाहीत आणि आपली बरणी त्याच्याच अभावी गेली. गच्चीवर सगळ्या फोडी सारख्या वाळत नाहीत. कडेच्या अधिक सुकतात, जाड्या कमी. फोडी पूर्ण गार झाल्यावर काचेच्या बरण्यांत दोन-तृतीयांश भराव्यात, झाकण घट्ट लावावे आणि चार दिवस घरात सावलीत ठेवाव्यात. रोज एकदा बरणी हलवावी, म्हणजे जाड्या फोडींची ओल सुक्या फोडींत वाटली जाते. काच स्वच्छ राहिली, तर ठीक. आतून धूसर झाली किंवा थेंब दिसले, तर सर्व पुन्हा उन्हात काढावे. स्टीलच्या डब्यात हे दिसत नाही, म्हणून काचच हवी.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा तीन बरण्यांपैकी एकीच्या खांद्यापाशी पुसट धूसरपणा होता. मी तिला तसेच सांगितले. ती म्हणाली, 'म्हणजे त्यात जाड्या फोडी गेल्या असतील.' ते बरोबर होते. भरताना मी चाळणीच्या तळाशी राहिलेल्या मोठ्या फोडी शेवटी, त्याच बरणीत टाकल्या होत्या. मी तिन्ही बरण्या उन्हात ओतल्या, अर्धा दिवस पसरल्या, गार केल्या आणि पुन्हा भरल्या. चाळणीतील फोडी १२३ ग्रॅमवर आल्या होत्या. त्यानंतर चार दिवस काच स्वच्छ राहिली. एकूण आवळकाठी १ किलो आणि वर चिमूटभर भरली. ५ किलोंचे १ किलो, हे प्रमाण आपणही धरून चालावे. ५ किलोंतून दीड किलो मिळाले, तर आनंद मानू नये. तो अर्धा किलो पाणी असते.

आपल्या नातीची सुट्टी किती दिवसांची आहे ते आपण लिहिलेले नाही. आठवडाच असेल, तर आवळे वाफवून मीठ लावण्याचे काम ती पोहोचेल त्याच संध्याकाळी उरकावे आणि उन्हाचा पहिला दिवस दुसरी सकाळ धरावा. एक दिवस ढगाचा जाईल असे गृहीत धरावे. बरणीतील चार दिवस तिच्या वाट्याला बहुधा येणार नाहीत. ते फोनवर करावे लागतात.

एक मर्यादा सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. उन्हात उघडे वाळवताना आवळ्यातील जीवनसत्त्व क बरेच कमी होते, कारण ते उष्णता, प्रकाश आणि हवा या तिन्हींनी मोडते. औषध म्हणून आवळा हवा असेल, तर ताजा खावा किंवा झाकलेल्या सौर वाळवणीत सुकवावा. गच्चीवरची आवळकाठी जेवणानंतर तोंडात टाकायला असते. तिच्यासाठी शेवटच्या दिवशी वरून थोडे भाजलेल्या जिऱ्याचे कूट आणि सैंधव लावले तरी चालते. आधी लावू नये, कारण मसाला ओल धरून ठेवतो. आणि मीठ लावलेली आवळकाठी पावसाळी हवेत ओल ओढते, म्हणून जूनच्या आधी मोठ्या बरणीतून लहान लहान बरण्यांत काढावी, म्हणजे रोज उघडली जाणारी बरणी एकच राहील. आमच्या तीन बरण्यांपैकी एक नाशिकला गेली. तिच्यावर नातीने चिठ्ठी चिकटवली आहे : भरल्याची तारीख, वजन ३४० ग्रॅम आणि खाली, 'थेंब नाहीत'.